भाव पडला नाही, तरी आठ हजार गेले कुठे?

प्रश्न: एका छोट्या कंपनीचा शेअर २१२ दाखवत होता. मी मार्केट ऑर्डर टाकून ९०० शेअर घेतले. मिनिटभरात खात्यात ८,००० रुपयांचा तोटा दिसायला लागला. बातमी काही नाही, ब्रोकरेज शून्य. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये असं कधी झालं नव्हतं. पैसे गेले कुठे? ऑर्डरच्या आधी काढलेला मार्केट डेप्थचा फोटो जोडतोय.

उत्तर:

फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही, पैसा कुठे गेला ते रुपयापर्यंत दाखवता येतं. बावीस वर्षं डीलिंगच्या टेबलावर बसून मी हाच हिशेब रोज करत आलो आहे.

स्क्रीनवर ठळक दिसणारा २१२ हा शेवटच्या सौद्याचा भाव होता. तो सौदा दहा सेकंदांपूर्वीचा असेल किंवा चाळीस मिनिटांपूर्वीचा, आणि तो पाच शेअरचाही असू शकतो. त्या भावाला तुम्हाला ९०० शेअर द्यायला कुणीही बांधील नव्हतं. त्या क्षणी खरोखर कोण काय भावाने द्यायला-घ्यायला तयार होतं, ते डेप्थमध्ये दिसतं:

| खरेदीदार: नग | भाव | विक्रेते: भाव | नग |
|---|---|---|---|
| ६० | २०८.०० | २१२.०० | ४५ |
| १५० | २०७.५० | २१३.५० | १२० |
| २०० | २०६.०० | २१५.०० | २०० |
| ९० | २०४.१० | २१७.९० | ८० |
| ५०० | २०३.०० | २१९.०० | ६०० |

डावीकडचा सगळ्यात वरचा भाव, २०८, म्हणजे बिड. उजवीकडचा २१२ म्हणजे आस्क; आमच्याकडे त्याला ऑफर म्हणतात. दोघांमधले ४ रुपये हा स्प्रेड. दोन्हींच्या मध्यावरचा भाव २१० येतो. शेअरची ‘खरी’ किंमत त्या क्षणी काय, असं विचारलं तर या मध्यभावाइतकं जवळचं दुसरं उत्तर आपल्याकडे नसतं, म्हणून सगळं मोजमाप तिथून करायचं.

आता तुमची ऑर्डर पाहू. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाने, पण आत्ता द्या’ अशी सूचना. तिने आधी २१२ चे ४५ शेअर उचलले, मग २१३.५० चे १२०, २१५ चे २००, २१७.९० चे ८०. तेवढ्याने ४४५ झाले. उरलेले ४५५ शेअर २१९ ला मिळाले. सगळे मिळून १,९५,२३७ रुपये, म्हणजे शेअरमागे सरासरी २१६.९३. मध्यभावाने हेच शेअर १,८९,००० ला आले असते. तुम्ही ६,२३७ रुपये जास्त मोजलेत, म्हणजे ३.३० टक्के. यालाच इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात: तुमच्या ऑर्डरच्या आकारामुळे तुम्हाला पडलेला सरासरी भाव मध्यभावापासून किती टक्के दूर गेला.

मग तोटा ८,००० कसा दिसला? तुमची खरेदी संपली तेव्हा शेवटचा सौदा २१९ चा होता. त्यानंतर कुणीतरी थोडे शेअर समोरच्या बिडला, म्हणजे २०८ ला विकले आणि शेवटचा भाव २०८ झाला. तुमच्या ९०० शेअरचं मोल त्या भावाने १,८७,२०० धरलं गेलं. १,९५,२३७ मधून ते वजा करा, ८,०३७ येतात. त्यातले ६,२३७ तुम्ही चढत्या पायऱ्यांवर जास्त दिलेले, आणि उरलेले १,८०० मध्यभाव सोडून बिडने मोल केल्यामुळे दिसणारे. कंपनीची किंमत या मिनिटभरात तसूभरही हलली नव्हती. २१२ पासून २१९ पर्यंत ज्यांनी आधीपासून विक्रीची ऑर्डर लावून ठेवली होती, त्या अनोळखी लोकांच्या खिशात तुमचे पैसे गेले. थांबायचं काम त्यांनी केलं, आणि तुम्ही त्यांना थांबण्याची किंमत दिलीत.

काँट्रॅक्ट नोटमध्ये हा खर्च कुठेच छापलेला नसतो. तिथे डिलिव्हरी खरेदीवरचा ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, ०.०१५ टक्के स्टँप ड्यूटी आणि एक्स्चेंजची किरकोळ आकारणी दिसते. तुमच्या सौद्यावर हे सगळं मिळून सुमारे २३० रुपये. लोक ब्रोकरेजच्या वीस रुपयांवरून ब्रोकर बदलतात, पण सहा हजारांचा खर्च भावातच मुरलेला असल्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. मला याची मनापासून चीड येते, कारण अशा शेअरमध्ये सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

हा खर्च नगांबरोबर वाढतो, हे नीट लक्षात घ्या. तुम्ही ९०० ऐवजी ९० शेअर घेतले असते तर ४५ शेअर २१२ ला आणि ४५ शेअर २१३.५० ला मिळून सरासरी २१२.७५ पडली असती. इम्पॅक्ट कॉस्ट १.३१ टक्के. शेअर तोच, क्षण तोच, तरी खर्च निम्म्याहून कमी. म्हणून ‘या शेअरची इम्पॅक्ट कॉस्ट किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. किती रुपयांच्या ऑर्डरसाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. एनएसईसुद्धा तसंच मोजते. निफ्टी ५० मध्ये येण्यासाठी शेअरची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट मागच्या सहा महिन्यांत, १० कोटी रुपयांच्या बास्केटच्या हिशेबाने, ९० टक्के निरीक्षणांमध्ये ०.५० टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते. मोठ्या कंपन्यांत तुम्हाला हे कधी जाणवलं नाही, ते यामुळे. १,४०० रुपयांच्या मोठ्या शेअरमध्ये बिड आणि ऑफरमध्ये दहा-वीस पैशांचं अंतर असतं आणि पहिल्या एक-दोन भावांवरच शेकडो, हजारो शेअर पडलेले असतात. तुमची दोन लाखांची ऑर्डर तिथे पहिल्याच पायरीवर संपते.

आता छोट्या शेअरमध्येच असं का होतं, ते सांगतो. माझे पहिले वरिष्ठ दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात वाढलेले. मार्च १९९५ मध्ये बीएसईचा स्क्रीनवरचा व्यवहार सुरू होण्याआधी तिथे जॉबर असायचे. त्यांना भाव विचारला की ते दोन भाव सांगायचे: इतक्याला घेईन, इतक्याला देईन. विचारणारा घेणार आहे की विकणार, हे त्यांना ठाऊक नसायचं. मधला फरक ही त्यांची कमाई. वरिष्ठ म्हणायचे, जॉबरने फरक वाढवला की समजावं, त्याला कशाची तरी भीती आहे. आज जॉबर नाहीत, पण डेप्थमध्ये लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘याच भावाला किंवा याहून चांगल्या भावाला’ अशी ऑर्डर, लावून बसलेला प्रत्येक जण तेच काम करतो, आणि त्याला त्याच दोन भीती असतात.

पहिली भीती माल अंगावर पडण्याची. तुमच्या या शेअरमध्ये दिवसाला साधारण ४,००० शेअरचे सौदे होतात असं धरू. २०३ ला ५०० शेअर घ्यायला तयार असलेल्या माणसाच्या गळ्यात ते पडले, तर पुन्हा विकायला त्याला काही तास, कदाचित दोन-तीन दिवस लागतील. तेवढ्या वेळात भाव पाच टक्के हलू शकतो. मोठ्या शेअरमध्ये हा माल काही सेकंदांत दुसऱ्याला देता येतो, किंवा फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे करार, विकून धोका झाकता येतो. फ्युचर्स मात्र मोजक्या, मोठ्या उलाढालीच्या शेअरवरच असतात. तुमच्या शेअरवर नाहीत. धोका झाकता येत नसेल तर तो भावात घातला जातो. म्हणून बिड खाली सरकते.

दुसरी भीती जास्त खोल आहे, आणि माझ्या मते छोट्या शेअरमधल्या रुंद स्प्रेडचं खरं मूळ तीच. समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल तर? मोठ्या कंपनीवर डझनावारी विश्लेषक लिहीत असतात, बातमी मिनिटात सगळ्यांना कळते. दीडशे कामगारांच्या एका कारखान्याची मोठी ऑर्डर रद्द झाली, हे आधी कुणाला कळतं? कच्चा माल पुरवणाऱ्याला, वाहतूकदाराला, हिशेबनीसाच्या मेव्हण्याला. अशा कंपनीच्या शेअरमध्ये कुणी एकदम ९०० शेअर विकायला आला, तर बिड लावणाऱ्याने काय समजायचं? हा मुलीच्या लग्नासाठी विकतोय की याला काही कळलंय? फरक ओळखायचा मार्ग नाही. म्हणून तो सगळ्यांकडूनच थोडं थोडं जादा घेतो, जेणेकरून ज्याला कळलंय त्याच्याकडून होणारं नुकसान भरून निघावं. तुम्ही काहीही आतली माहिती नसलेले साधे खरेदीदार, पण माहिती असलेल्यांचा भुर्दंड तुमच्याही वाट्याला आला.

यात भर म्हणजे बाजारात फिरणारे शेअरच कमी. प्रमोटरकडे ७० ते ७५ टक्के असतात (किमान २५ टक्के जनतेकडे असावेत असा सेबीचा नियम आहे), उरलेल्यातले बरेचसे जुन्या भागधारकांकडे वर्षानुवर्षं पडून असतात. शेअर ‘ट्रेड टू ट्रेड’मध्ये असेल, म्हणजे एनएसईवर बीई मालिकेत किंवा बीएसईवर टी गटात, तर प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. सकाळी घेऊन दुपारी विकणारा माणूस मग तिथे येतच नाही, आणि दोन्ही बाजूंना आणखी मोकळं होतं. मुख्य बाजारात दोन्ही बाजूंचे भाव लावायची सक्ती कुणावर नाही. ती फक्त छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या एसएमई मंचावर आहे: तिथे नोंदणीनंतर तीन वर्षं मार्केट मेकर ठेवावा लागतो आणि त्याने दिवसातला किमान ७५ टक्के वेळ दोन्ही बाजूंचे भाव द्यायचे असतात. तीन वर्षं संपल्यावर अशा कंपन्यांची डेप्थ कशी विरळ होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता जी बाजू नवख्यांच्या ध्यानात येत नाही ती. तुम्ही फक्त आत जाण्याचा खर्च पाहिलात. त्याच क्षणी बाहेर पडायचं म्हटलं असतं तर? डावीकडच्या पायऱ्या उतरून बघू: ६० शेअर २०८ ला, १५० शेअर २०७.५० ला, २०० शेअर २०६ ला, ९० शेअर २०४.१० ला आणि उरलेले ४०० शेअर २०३ ला. हातात येतात १,८४,३७४, सरासरी २०४.८६. आत-बाहेर मिळून १०,८६३ रुपये, खरेदीच्या ५.५६ टक्के. म्हणजे तुमच्यासाठी शेअर जवळजवळ सहा टक्के वाढला, तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीला आलात. तीन वर्षं ठेवणार असाल तर हा बोजा वर्षाला दोन टक्क्यांच्या आत बसतो आणि कंपनी चांगली असेल तर सोसतो. दर महिन्याला आत-बाहेर करणाऱ्याचा मात्र सगळा नफा इथेच संपतो.

आणि हा हिशेबही शांत दिवसाचा आहे. वाईट बातमीच्या दिवशी बिड लावणारे आधी आपल्या ऑर्डर काढून घेतात. २०१८ सालची माझी स्वतःची गोष्ट. एका छोट्या कंपनीचे ६,००० शेअर माझ्याकडे होते. रोजच्या डेप्थवरून बाहेर पडायला मला दोन-तीन टक्के लागतील असा हिशेब मी वहीत लिहून ठेवला होता. तिमाहीचे निकाल वाईट आले. दुसऱ्या दिवशी शेअर ५ टक्क्यांच्या खालच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवशी भाव ज्याखाली जाऊ शकत नाही त्या मर्यादेला, उघडला, आणि खरेदीच्या बाजूला एकही ऑर्डर नव्हती. त्या दिवशी स्प्रेड मोजताच येत नव्हता, कारण बिडच नव्हती. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खरेदीदार आले, पण सगळे शेअर निघायला अकरा दिवस लागले. माझा हिशेब आकड्यांत चुकला नव्हता. शांत दिवसाची डेप्थ मी गरजेच्या दिवसासाठी वापरली, तिथे चुकलो. तेव्हापासून छोट्या शेअरचा बाहेर पडण्याचा खर्च मी डेप्थवर दिसतो त्याच्या तिप्पट धरतो. तिप्पट हा माझा ठोकताळा आहे, त्यामागे सूत्र नाही.

पुढच्या वेळी काय करायचं? अशा शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकायचीच नाही. काही ब्रोकर ती अडवतात, सगळे नाही. लिमिट ऑर्डर टाका आणि मोठी ऑर्डर दिवसांत वाटून घ्या. माझा नियम असा की रोजच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आपण एका दिवसात घ्यायचं नाही. चार हजारांच्या शेअरमध्ये म्हणजे ४००. तुम्ही एका झटक्यात ९०० घेतलेत, दिवसाच्या उलाढालीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त, तेही काही सेकंदांत. तुमच्या जागी मी २०८.५० ला १०० शेअरची बिड लावली असती. रांगेत सर्वांत पुढे मीच झालो असतो. कुणी घाईत विकणारा आला तर त्याचे शेअर मला मध्यभावापेक्षाही स्वस्त मिळाले असते. तासाभरात काही झालं नाही तर भाव २०९.२५ केला असता. एकदा ४५ शेअरची छोटी ऑफर उचलून, ती संपल्यावर त्याच भावाला नवी विक्री येते का हेही बघितलं असतं. पुष्कळदा येते, कारण मोठे विक्रेते आपले सगळे नग एकदम दाखवत नाहीत. सकाळी सव्वानऊनंतरची पहिली काही मिनिटं मी टाळतो, तेव्हा डेप्थ सर्वांत पोकळ असते.

पण लिमिट ऑर्डर फुकट नसते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमची बिड रांगेत उभी असते तेव्हा तुम्हीच जॉबर झालेले असता, आणि त्याच्या दोन्ही भीती आता तुमच्या असतात. चांगली बातमी आली तर तुम्हाला कुणी विकणार नाही, भाव तुम्हाला सोडून वर जाईल. वाईट बातमी आली तर तुमची बिड सगळ्यात आधी भरली जाईल. म्हणून निकालाच्या दिवशी किंवा संचालक मंडळाच्या बैठकीच्या दिवशी जुनी लिमिट ऑर्डर तशीच लावून ठेवू नका. माझ्या अनुभवात, पटकन भरली गेलेली बिड आनंदापेक्षा शंका जास्त जागवते. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीची ताजी घोषणा आहे का, हे मी लगेच पाहतो.

डेप्थ वाचताना दोन गोष्टींनी फसायला होतं. खाली ‘एकूण खरेदी’ म्हणून लाखभर शेअर दाखवलेले असतात. त्यातले बहुतेक बाजारभावाच्या खूप खाली लावलेले असतात, तुमच्या उपयोगाचे नाहीत. आणि पाचव्या पायरीवरचे २१९ चे ६०० शेअर पाहून आधार वाटतो, पण अशी मोठी ऑर्डर भाव जवळ आला की काढूनही घेतली जाते. तुमच्या वेळी ती टिकली. नसती टिकली तर तुमची ऑर्डर २२५ किंवा त्याहूनही वर गेली असती. म्हणून घेण्याआधी डेप्थ निदान दोन-तीन वेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पाहा आणि प्रत्येक वेळी तुमच्या नगांची सरासरी कागदावर काढा.

मागचे भाव बघून ‘ही पद्धत वापरली असती तर इतका नफा झाला असता’ असे तक्ते तुम्ही करत असाल तर तिथेही हीच चूक शिरते. एनएसईवर अशा छोट्या शेअरचा दिवसाचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नसेल तर शेवटचा सौदा, मग तो दुपारचा का असेना. एका दिवशी तो ऑफरवर झालेला असतो, दुसऱ्या दिवशी बिडवर. कागदावर शेअर दोन टक्के खाली-वर उड्या मारताना दिसतो आणि ‘खाली घ्या, वर विका’ ही पद्धत सुरेख चालते. प्रत्यक्षात ती उडी म्हणजे फक्त स्प्रेड. तक्त्यात घेताना ऑफर आणि विकताना बिड धरून पाहा, बहुतेक नफा नाहीसा होतो.

राहता राहिला तुमच्याकडच्या ९०० शेअरचा प्रश्न. दिसणाऱ्या तोट्याला घाबरून आता मार्केट ऑर्डरने विकू नका. दुसऱ्या बाजूचे साडेचार हजार त्यात जातील. कंपनी समजून घेतली असेल आणि ठेवायचे असतील तर ठेवा, दिलेले ६,२३७ परत येत नाहीत आणि त्यांचा पुढच्या निर्णयाशी संबंध नाही. बाहेर पडायचं असेल तर ऑफरच्या जरा खाली, आजच्या डेप्थमध्ये समजा २११.५० ला, शंभर-शंभरच्या विक्रीच्या लिमिट ऑर्डर आठवडाभर लावत राहा. आणि वहीत खरेदीभावाच्या शेजारी आजचा खरा बाहेर पडण्याचा भाव, २०४.८६, लिहून ठेवा. महिन्याभराने तोच हिशेब पुन्हा करा. तो आकडा मध्यभावापासून आणखी लांब गेलेला दिसला, तर डेप्थ विरळ होत चालली आहे असं समजा आणि नवे शेअर घेणं थांबवा.